टिपांचा मत्सर

मास्तरीणबाई कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेल्या नव्हत्या. नवरा मास्तर, म्हणून त्या मास्तरीणबाई, एवढाच त्या नावाचा हिशेब. त्या ग्रंथालयात कामाला होत्या, तळमजल्यावर, अंधांसाठी पुस्तकं तयार करायच्या खोलीत. मास्तरांचे डोळे गेले त्यानंतर दोन वर्षांनी त्या तिथे लागल्या आणि ते काही योगायोगानं नव्हे. ज्या खोलीतून नवऱ्याच्या कानापर्यंत पुस्तकं जातात, त्या खोलीची किल्ली आपल्या कमरेला असावी असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी ती मिळवली.

त्यांच्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते एका संध्याकाळी चहाच्या वेळी. मास्तर खिडकीशी बसून वाचनयंत्रावर एका प्रवासाचं पुस्तक ऐकत होते. घरात त्या यंत्राला 'डबा' म्हणत. डब्यातली बाई थांबली, तसे मास्तर म्हणाले, "हे पुस्तक कुणी केलंय गं?"

"का? काही चुकलंय?"

"छे. फार सुरेख केलंय. टीप जिथली तिथं येते. परिच्छेद संपला की ती म्हणते 'टीप', मग टीप वाचते, मग म्हणते 'टीप संपली' आणि गाडी पुढं. कुठं अडखळायला होत नाही. ज्यानं केलंय त्याला वाचायची जाण आहे."

मास्तरीणबाईंनी कपबशी जरा जोरातच ठेवली. "आमच्या खोलीत ती नवी आलीय ना, तिनं केलंय," त्या म्हणाल्या, आणि चहात साखर घालायची विसरल्या. मास्तरांनी तो तसाच प्यायला, कारण त्यांचं लक्ष पुढच्या टिपेकडे होतं.

आता टिपांचं हे प्रकरण काय होतं ते सांगायला हवं. खोलीत एक लाकडी पाळणा होता, त्यात पुस्तक अर्धवट उघडून ठेवायचं, वरून कॅमेऱ्यानं पानांचे फोटो काढायचे. मग संगणक फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करून देतो. पण संगणकाला अक्षर कळतं, पान कळत नाही. पानाच्या डोक्यावर छापलेलं पुस्तकाचं नाव, तळाचा पानाचा आकडा, टिपा, सगळं तो एका सुरात मजकुरात ओततो. ते तसंच सोडलं तर डब्यातली बाई एखाद्या रंगलेल्या वाक्याच्या मध्येच पानाचा आकडा ठोकून देते. 'म्हातारी काठ सोडून नदीत पाय टाकते आणि, एकशे बारा.' ऐकणाऱ्याला आधी हसू येतं, मग राग येतो, मग तो डबा बंद करतो.

म्हणून मास्तरीणबाईंनी पहिल्याच वर्षी नियम केला होता. डोक्यावरचं काढा. तळचं काढा. पानाचा आकडा बोलायचा नाही, पण त्या जागी मुकी खूण ठेवा, म्हणजे शेवटच्या सूचीत एखादं पान दिलं असेल तर ऐकणाऱ्याला बटण दाबून तिथं जाता येईल. आणि टिपा उचलून प्रकरणाच्या शेवटी न्या, ओळीनं नवे आकडे देऊन, कारण छापील पुस्तकात पान बदललं की टिपा बऱ्याचदा पुन्हा एकपासून सुरू होतात. नियम चांगला होता. चांगली दहा वर्षं खोली त्यावर चालली.

आणि या नियमाची एक गंमत होती, जी मास्तरीणबाईंनी कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नाही. मास्तर पडले टिपांचे वेडे. भूगोल शिकवायचे तेव्हासुद्धा धड्यापेक्षा टिपेत जास्त रमायचे. ऐकताना आकडा आला की त्यांना तीच टीप त्याच क्षणी हवी असे. प्रकरणाच्या शेवटी जाऊन परत आपली जागा शोधायची म्हणजे डब्याची चार बटणं आणि दोनदा चुकामूक. मग ते हाक मारत, "अगं, ती सातवी टीप काय आहे बघ जरा." की मास्तरीणबाई हातातलं काम टाकून येणार, मूळ पुस्तक काढणार, शेजारी बसणार आणि वाचून दाखवणार. संध्याकाळी पाच-सहा हाका तरी व्हायच्या. कधी एका टिपेवरून गप्पा निघायच्या आणि भाजी करपायची. करपलेल्या भाजीबद्दल दोघांपैकी कुणीही कधी तक्रार केली नाही.

तशात ही नवी आली. छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलेली, पस्तिशीची, बारीक अंगाची, चष्म्याची दोरी गळ्यात. बोलायला गोड, हाताला झपाट्याची. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मास्तरीणबाई मनात म्हणायच्या, आणि तिखट म्हणावं असं तिनं काही केलं नव्हतं हेच त्यांना जास्त झोंबायचं. तिच्याशी त्या 'तुम्ही'नं बोलायच्या. वयानं पंधरा वर्षांनी लहान बाईला 'तुम्ही' म्हटलं की ती बरोबर हातभर लांब राहते, असा त्यांचा अनुभव होता.

पहिल्याच महिन्यात नवीनं विचारलं, "मास्तरीणबाई, टिपा शेवटी नेण्याऐवजी परिच्छेद संपला की लगेच घातल्या तर? वाक्य तोडायचं नाही, परिच्छेद मात्र संपू द्यायचा."

"गोष्टीची लय मोडते."

"कादंबरीत मोडेल. पण कादंबरीत टिपा असतातच किती? इतिहासात, प्रवासात माणूस टिपेसाठी थांबतोच की."

"इथं नियम आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि माझे यजमान इतकी वर्षं ऐकताहेत. त्यांना काही त्रास झालेला नाही."

ग्रंथपाल म्हणजे कुणालाच न दुखवण्याची कला शिकलेला माणूस. त्यांनी दोघींचं ऐकलं आणि सांगितलं की ज्या त्या पुस्तकाचं रूप बघून ठरवा, पाहिजे तर दोन्ही पद्धती चालू द्या. मास्तरीणबाईंना हा निकाल सरळ सरळ नवीच्या बाजूनं लागल्यासारखा वाटला, आणि खरं तर लागलाच होता.

मग ते प्रवासाचं पुस्तक घरी आलं, आणि त्यानंतर मास्तर पुस्तक मागताना विचारू लागले, "नवीनं केलेलं काही आहे का?" सहज विचारायचे. बाजारात भाजी ताजी आहे का विचारावं तसं. नव्या पुस्तकांपैकी काही आधी मास्तर ऐकत आणि चुका सांगत, मग ती मांडणीवर जात. तेव्हा त्यांनी मागावं यात गैर काही नव्हतं. पण मास्तरीणबाई स्वयंपाकघरात उभ्या राहून हाकेची वाट बघत आणि हाक येत नसे. डब्यातली बाई म्हणे 'टीप', आणि मास्तर "हं" म्हणत. 'टीप संपली', आणि मास्तर "वा" म्हणत. भाजी एकदाही करपली नाही. मास्तरीणबाईंना त्या न करपलेल्या भाजीचाच राग येऊ लागला.

सवत म्हणावी तर ती कुणाला? नवी कधी त्यांच्या घरी आली नव्हती, मास्तरांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. डब्यातल्या बाईला तर जीवही नव्हता. तरी दोघी मिळून आपल्या संसारात शिरल्या आहेत असं मास्तरीणबाईंना वाटे, आणि असं वाटणं हास्यास्पद आहे हे त्यांना स्वच्छ कळे. कळलं म्हणून जळणं थांबत नाही.

अशात एके दिवशी एका जुन्या घराच्या आवराआवरीतून ग्रंथालयाला पुस्तकांची पेटी मिळाली आणि तीत 'पुलावरच्या नोंदी' निघालं. कुठल्याशा मोठ्या नदीच्या पुलाचा राखणदार रोज पाण्याची उंची मोजून लिहून ठेवी, आणि जाता जाता पुलावरून काय गेलं तेही लिही. त्याच्यामागं त्या नोंदी कुणीतरी छापल्या. मास्तरांनी ते पुस्तक तरुणपणी एकदा उसनं आणून वाचलं होतं, परत करावं लागलं, मग आयुष्यभर शोधलं आणि मिळालं नाही. लग्नानंतर मास्तरीणबाईंनी त्याच्याबद्दल इतकं ऐकलं होतं की तो राखणदार त्यांना सासरकडचा कुणी वाटे.

ग्रंथपालांनी ते पुस्तक नवीच्या टेबलावर ठेवलं. राखणदाराच्या स्वतःच्या टिपा भरपूर होत्या ना.

"हे मी करते," मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज असा होता की नवीनं पुस्तक निमूटपणे त्यांच्याकडे सरकवलं.

त्यांनी ते झपाट्यानं केलं. या वेळी नवीला तिच्याच हत्यारानं हरवायचं होतं. टिपा परिच्छेदाला लावल्या. एक टीप एका पानाच्या तळाशी सुरू होऊन पुढच्या पानाच्या तळाशी संपत होती, ती त्यांनी नीट सांधली. काही पानांच्या तळाशी एकटाच बारीक आकडा होता. तो टिपेचा नव्हता, बांधणाऱ्याला फर्मे, म्हणजे घडी घातलेले छापील कागद, ओळीनं लावायला छापलेला होता. तो त्यांनी ओळखून काढला. आणि पानांच्या डोक्यावरची पट्टी? डाव्या पानावर पुस्तकाचं नाव, उजव्यावर एक साल. छपाईचं साल असणार. सुरुवातीची चार-सहा पानं बघितली, सगळीकडे तेच नाव आणि तेच साल. त्यांनी संगणकावर पट्टीला चौकट मारली, सगळ्या पानांवरून वगळ असं सांगितलं, आणि पुस्तकाचं डोकं एका फटक्यात उडवलं.

घरी नेताना त्यांनी मास्तरांना सांगितलं, "तुमचा पूल आणलाय. मी केलाय."

मास्तरांनी लगेच डबा पुढं ओढला. ऐकायला लागले. पहिली काही मिनिटं चेहरा लहान पोरासारखा झाला होता. मास्तरीणबाई दारात उभ्या राहून तो चेहरा बघत होत्या आणि त्यांना वाटलं, आता बोलू दे कुणाला काय बोलायचंय ते.

चार-पाच दिवस असंच चाललं. मग एका संध्याकाळी मास्तरांनी डबा थांबवला. मागे गेले, पुन्हा ऐकलं, पुन्हा मागे गेले.

"अगं, हे कुठल्या सालचं?"

"काय कुठल्या सालचं?"

"पाणी. सहा जुलै, पाणी चौदा फूट. कुठल्या सालचा सहा जुलै? आधी एकदा जुलै होऊन गेला, तेव्हा पूल नवा होता. आता म्हणतोय कठडे गंजलेत. मध्ये सालं बदलली असणार, पण तो सांगतच नाही. मी वाचलं तेव्हा साल होतं. नक्की होतं."

"पुस्तकातच नसेल."

"असेल गं. सालाशिवाय पाण्याच्या नोंदीला काय अर्थ?" मग सहजपणे, अगदी सहजपणे, ते म्हणाले, "नवीला विचार. तिला कळेल."

मास्तरीणबाई ताटं वाढायला गेल्या. त्या रात्रीचं जेवण गप्पांशिवाय झालं आणि मास्तरांना वाटलं की बायको दमली आहे.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी खोलीत गेल्या आणि पुस्तक उघडलं. शंभराव्या पानावर गेल्या. डोक्यावर डावीकडे पुस्तकाचं नाव. उजवीकडे साल, आणि ते सुरुवातीचं साल नव्हतं. दोनशेव्या पानासमोर आणखी वेगळं. राखणदार नोंदीत फक्त दिवस आणि महिना लिहायचा. छापणाऱ्यानं साल ठेवलं होतं ते उजव्या पानाच्या डोक्यावर आणि दुसरीकडे कुठंही नाही. त्यांनी आख्ख्या पुस्तकाची सालं कापून फेकली होती. हात दाखवून अवलक्षण, त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि तेही त्याच पुस्तकात.

नवी आली तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. नवीनं खांद्यावरून पाहिलं आणि तिला लगेच कळलं. तिनं कळल्याचं लपवलंही नाही आणि मिरवलंही नाही, ते मास्तरीणबाईंना बरं वाटलं आणि म्हणून वाईट वाटलं.

"फोटो आहेत ना," नवी म्हणाली. "मजकुरातून गेलंय, फोटोतून नाही. प्रत्येक पानावर परत नको घालायला. साल बदलतं तिथंच, जानेवारीच्या पहिल्या नोंदीआधी एकदा. बाकी ठिकाणी बोलायला नको."

"एकाच पानावर डिसेंबर आणि जानेवारी आले तर? वर तर एकच साल आहे."

"तिथं वरच्या सालावर विसंबायचं नाही. नोंदी वाचूनच ठरवायचं." मग ती हसली. "छापखान्यात मी काय केलं होतं सांगू? एका शब्दकोशाची डोकी उडवली होती. प्रत्येक पानावरचा पहिला नि शेवटचा शब्द वर असतो ना, तो. लोकांना शब्दच सापडेनात. चार महिने ऐकून घेत होते."

मास्तरीणबाईंना हसू आलं आणि ते त्यांनी गिळलं. दोघींनी मिळून सालांच्या जागा शोधायला सुरुवात केली. एक पान बघायची, दुसरी मजकुरात घालायची. काम करताना मास्तरीणबाईंनी खूप दिवस मनात असलेलं विचारलं, जरा तिरकंच. "तुम्हाला ते टिपांचं परिच्छेदाला लावायचं कुठून सुचलं हो? छापखान्यात तर असं काही नसतं."

"आईमुळे," नवी म्हणाली. नजर पडद्यावर होती. "तिला दिसत नाही. मी दिवसभर इथं. ती इथून आणलेली पुस्तकं ऐकते. तुम्ही केलेलीच. टिपा शेवटी. एकदा घरी गेले तर म्हणाली, सकाळपासून एका टिपेत अडकलेय, परत माझी जागाच सापडत नाही. तिला वाचून दाखवायला घरात कुणी नसतं. तुमच्या यजमानांसारखं नाही. तुम्ही आहात."

मास्तरीणबाईंचा हात थांबला. आपला नियम आपण सगळ्यांसाठी केलाय असं त्या आजवर समजत होत्या. त्यांना दिसली एक बाई, कुठल्याशा खोलीत, बटणं चाचपडत, आणि हाक मारायला कुणी नाही. आणि दुसरीकडे स्वतः त्या, स्वयंपाकघराच्या दारात, हाकेची वाट बघत. त्यांनी टिपा शेवटी ठेवल्या होत्या त्या लयीसाठी नव्हे.

"आईला हे पुस्तक आधी दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही" म्हणायचं राहून गेलं, ते दोघींनाही ऐकू आलं.

पुस्तक पुरं झालं. सालं जागेवर बसली, टिपा परिच्छेदाला राहिल्या, पानांच्या मुक्या खुणा ठेवल्या. त्या आठवड्यात मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून ऐकायला सुरुवात केली. दिवसाला एक साल. पाणी चढायचं, उतरायचं, राखणदार म्हातारा व्हायचा आणि मास्तर "हं", "वा" करत बसायचे. एकही हाक नाही. मास्तरीणबाई चूल, ओटा, दार असं करत होत्या. हे आपण केलेलं पुस्तक आहे, नवीचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी पोटात तसंच दुखत होतं. बाईला आता स्वतःच्याच कामाचा मत्सर वाटायला लागला होता. यापेक्षा वाईट अवस्था त्यांना आठवेना.

ग्रंथालयातली प्रत त्यांनी बिनचूक ठेवली होती, नवीच्या आईकडे गेली ती प्रतही. घरच्या प्रतीबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही.

शेवटच्या सालाच्या दिवशी संध्याकाळी डब्यातली बाई म्हणाली, "सतरा ऑगस्ट, पाणी एकवीस फूट, रात्रीपासून वाढ." मग म्हणाली, "टीप." मग लगेच, "टीप संपली."

मास्तरांनी डबा थांबवला. मागे नेला, पुन्हा ऐकलं.

"अगं," त्यांनी हाक मारली. "इथं टीप रिकामी आहे."

मास्तरीणबाई इतक्या लवकर आल्या की दाराच्या पडद्याआडच उभ्या असाव्यात. हातात पुस्तक होतं, बोट पानात होतं.

"वाच बघू."

त्या शेजारी बसल्या. चष्मा लावला, पण टीप त्यांना पाठ होती, पानाकडे फारसं बघावं लागलं नाही. "'या दिवशी मी तापानं अंथरुणावर होतो,'" त्यांनी वाचलं. "'पुलावर जाऊन पाणी माझ्या बायकोनं मोजलं. वरचा आकडा तिचा आहे. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं घरी येऊन मला तो सांगितला आणि मी लिहिला.'"

ओट्यावर काहीतरी करपायला लागल्याचा वास येऊ लागला, तो दोघांनाही आला.

"हे मला आठवत नव्हतं," मास्तर म्हणाले. मग चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेनं वळवून म्हणाले, "नवीच्या पुस्तकात टीप अशी रिकामी राहत नाही."

"नसेल राहत."

"म्हणजे हे अगदी तुझंच काम."

"माझंच."

"अशा अजून किती ठेवल्यास?"

एकच ठेवली होती. पण ते मास्तरीणबाईंनी सांगितलं नाही.

"ऐका की पुढं," त्या म्हणाल्या, आणि उठल्या नाहीत.